यंत्रांवरचे जीएसटी क्रेडिट: एकदम मिळते, मग साठ महिने थोडेथोडे परत का करायचे?

प्रश्न: "शिरूरजवळ आमची छोटी डेअरी आहे. पाउचमधले दूध, पनीर, कपातले दही आणि तूप विकतो, उन्हाळ्यात ताकही. नुकतीच ४० लाखांची यंत्रे घेतली, त्यावर १८ टक्क्यांनी ७ लाख २० हजार जीएसटी भरला. एक मित्र म्हणतो, सगळे क्रेडिट एकदम मिळते. आमचे सीए म्हणतात, पाच वर्षे दरमहा काही रक्कम परत करावी लागेल. कोणाचे खरे? आणि न वापरलेल्या क्रेडिटचा परतावा मिळतो का?"

दोघांचेही खरे आहे, कारण दोघे दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. मित्र सांगतात ते क्रेडिट केव्हा मिळते याविषयी, आणि सीए सांगतात ते त्या क्रेडिटपैकी किती तुमच्याकडे कायम राहते याविषयी. क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करण्याची सोय. जीएसटीमध्ये यंत्रावरचे क्रेडिट हप्त्यांनी मिळत नाही; ते पहिल्याच विवरणपत्रात पूर्ण घेता येते. मात्र त्याच यंत्रावर करपात्र आणि करमुक्त असा दोन्ही प्रकारचा माल निघत असेल, तर करमुक्त मालाच्या वाट्याचे क्रेडिट साठ महिन्यांत विभागून दरमहा परत करावे लागते. तुमच्या धंद्यात पाउचमधले दूध आणि पनीर करमुक्त, तर वेष्टित व लेबल लावलेले दही, ताक आणि तूप ५ टक्क्यांचे, म्हणून ही विभागणी तुम्हाला चुकणार नाही.

पुण्यातील अभियांत्रिकी कारखान्यांची कामे पाहताना हा प्रश्न क्वचितच येतो, कारण त्यांचा जवळजवळ सगळा माल करपात्र असतो; यंत्र घेतले, क्रेडिट घेतले, विषय संपला. डेअरी, बियाणे, धान्यप्रक्रिया, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांच्याकडे मात्र पहिला प्रश्न हाच असतो. आणि तिथे माझा अनुभव असा, की हिशेब अडतो तो सूत्रापाशी नव्हे, तर त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे कोणते यंत्र कशासाठी वापरले जाते हे ठरवण्यात.

केंद्रीय जीएसटी नियमावलीतील नियम ४३ प्रत्येक भांडवली वस्तूला तीनपैकी एका गटात बसवतो. जी वस्तू केवळ करमुक्त मालासाठी वापरली जाते, तिच्यावर क्रेडिट अजिबात नाही. जी केवळ करपात्र मालासाठी, किंवा निर्यातीसारख्या शून्यदराच्या मालासाठी वापरली जाते, तिच्यावर पूर्ण क्रेडिट आहे आणि पुढे काही परत करायचे नाही. जी दोन्हींसाठी वापरली जाते, ती सामाईक. तिच्यावर आधी पूर्ण क्रेडिट आणि नंतर दरमहा परतफेड. ही वर्गवारी यंत्रागणिक करायची असते. ४० लाखांची सगळी खरेदी एकत्र धरून एकच टक्केवारी लावलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती सोपी वाटते, पण नियमात बसत नाही आणि बहुतेक वेळा नुकसानही करते.

तुम्ही यंत्रांची यादी दिलेली नाही, म्हणून तुमच्या आकाराच्या डेअरीत साधारण दिसते तशी विभागणी धरतो. २० लाखांचे पाश्चरायझर आणि चिलर, ८ लाखांचे पाउच भरण्याचे यंत्र आणि १२ लाखांचे दह्याचे कप भरून सील करण्याचे यंत्र. त्यांच्यावरचा कर अनुक्रमे ३,६०,०००, १,४४,००० आणि २,१६,००० रुपये होतो. एकूण तुमचेच ७,२०,०००.

कप भरण्याच्या यंत्राचा प्रश्न सोपा आहे. त्यातून फक्त लेबल लावलेले दही निघते, ते ५ टक्क्यांत येते, म्हणून २,१६,००० रुपयांचे पूर्ण क्रेडिट तुमचे. पाश्चरायझरमधून सगळे दूध जाते. त्यातले काही पाउचमध्ये, काही पनीरला, काही दह्याला आणि काही साय काढून तुपाला. हे यंत्र निःसंशय सामाईक. पाउचच्या यंत्राबाबत मात्र तुमच्या उत्तरावर सगळे अवलंबून आहे. त्यावर वर्षभर केवळ दूधच भरत असाल, तर १,४४,००० रुपयांचे क्रेडिट शून्य. पण उन्हाळ्यात त्याच यंत्रावर ताकाचे पाउच भरत असाल, तर ते सामाईक ठरते आणि काही क्रेडिट हाती राहते. प्रश्नात तुम्ही ताकाचा उल्लेख केला आहे, तेव्हा या मुद्द्याकडे परत येतो.

आधी पाश्चरायझरचा हिशेब. नियम ४३ भांडवली वस्तूचे उपयुक्त आयुष्य बिलाच्या तारखेपासून पाच वर्षे धरतो, मग यंत्र प्रत्यक्षात पंधरा वर्षे चालो की तीन. सामाईक यंत्रांवरच्या क्रेडिटला ६० ने भागले की एका महिन्याचा वाटा मिळतो, आणि त्या वाट्याला त्या महिन्यातील करमुक्त विक्री भागिले एकूण विक्री या गुणोत्तराने गुणले की त्या महिन्यात परत करायची रक्कम मिळते. नियमातील अक्षरांत लिहायचे तर:

```
Tm = Tc ÷ 60
Te = (E ÷ F) × Tr
```

यातील Tc म्हणजे सामाईक यंत्रांवरचे एकूण क्रेडिट, Tm म्हणजे त्याचा मासिक वाटा, Tr म्हणजे ज्यांची पाच वर्षे अजून संपलेली नाहीत अशा सर्व सामाईक यंत्रांच्या मासिक वाट्यांची बेरीज, E म्हणजे त्या महिन्यातील करमुक्त पुरवठा आणि F म्हणजे त्या नोंदणीखालील राज्यातील एकूण उलाढाल.

समजा एखाद्या महिन्यात तुमची विक्री ५० लाखांची आहे: पाउचमधले दूध २५ लाख, पनीर ५ लाख, आणि दही, तूप व ताक मिळून २० लाख. करमुक्त विक्री ३० लाख, म्हणजे ६० टक्के. पाश्चरायझरचा मासिक वाटा ३,६०,००० भागिले ६०, म्हणजे ६,००० रुपये. त्याचे ६० टक्के, म्हणजे ३,६०० रुपये, त्या महिन्यात परत करायचे. गुणोत्तर पाच वर्षे असेच राहिले तर एकूण २,१६,००० रुपये परत जातील आणि १,४४,००० तुमच्याकडे राहतील.

प्रत्यक्षात गुणोत्तर तसेच राहणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत दही-ताक वाढले आणि करमुक्त वाटा ५० टक्क्यांवर आला, तर त्या महिन्याची रक्कम ३,००० होईल. पावसाळ्यानंतर दूध वाढून तो ६५ टक्क्यांवर गेला, तर ३,९००. इथे एक फरक ध्यानात ठेवा. कच्चा माल आणि सेवा यांच्या सामाईक क्रेडिटसाठी नियम ४२ आहे, त्यात वर्षअखेरीस संपूर्ण वर्षाचे गुणोत्तर काढून फेरहिशेब करावा लागतो. नियम ४३ मध्ये असा वार्षिक फेरहिशेब सांगितलेला नाही. ज्या महिन्याचे गुणोत्तर त्या महिन्यालाच लागते. दोन्ही नियमांचा एकच तक्ता करून वर्षअखेरीस दोन्हींचा फेरहिशेब करणारे हिशेबनीस आहेत, आणि मग वार्षिक विवरणपत्रातील आकडे मासिक आकड्यांशी जुळत नाहीत.

E मध्ये काय काय येते, हेही नीट पाहा. पाउचचे दूध आणि पनीर तर आलेच, पण हॉटेलांना किंवा केटररना वेष्टन-लेबलाशिवाय सुटे दही देत असाल, तर तेही करमुक्त विक्रीतच मोजायचे. एकाच भांड्यातले दही कपात गेले तर करपात्र आणि सुटे विकले तर करमुक्त. म्हणून विक्रीच्या नोंदीत त्यांची खाती पहिल्यापासून वेगळी ठेवा. बँकेतील ठेवींवरचे व्याज मात्र या हिशेबात करमुक्त पुरवठा म्हणून धरायचे नाही. तसा खुलासा नियमांतच आहे.

पनीरमुळे ही रचना किती संवेदनशील आहे ते दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी वेष्टित, लेबल लावलेले पनीर ५ टक्क्यांत होते. त्या दिवसापासून ते करमुक्त झाले. वरच्याच आकड्यांत त्याआधी करमुक्त विक्री २५ लाखांची, म्हणजे ५० टक्के भरली असती, आणि परतफेड ३,००० रुपये. यंत्र तेच, दूध तेच, गिऱ्हाईक तेच. दरपत्रकातील एका ओळीने ती ३,६०० वर गेली. पनीरवरचा कर गेल्याचा आनंद बहुतेकांना झाला, पण यंत्रावरच्या क्रेडिटचा वाटा त्यामुळे कमी झाला हे पुष्कळांच्या लक्षात आले नाही.

तुमच्याकडे केवळ पनीरसाठीचे जुने यंत्र असेल, आणि त्यावर तेव्हा पूर्ण क्रेडिट घेतलेले असेल, तर त्याचा वेगळा विचार करावा लागेल. जीएसटी कायद्यातील कलम १८ च्या उपकलम ४ नुसार पुरवठा पूर्णतः करमुक्त झाला, तर भांडवली वस्तूच्या उरलेल्या आयुष्याच्या प्रमाणात क्रेडिट भरावे लागते, आणि नियम ४४ त्यासाठी साठ महिन्यांपैकी उरलेले पूर्ण महिने मोजतो. १० एप्रिल २०२४ च्या बिलावर ९०,००० रुपये क्रेडिट घेतले असेल, तर २१ सप्टेंबर २०२५ ला पूर्ण ४२ महिने उरतात, आणि रक्कम ६३,००० होते. हे कलम सगळा धंदा करमुक्त झालेल्यालाच लागते की एखादाच माल करमुक्त झालेल्यालाही, याबाबत व्यावसायिकांत दोन मते आहेत. माझे मत असे, की केवळ करमुक्त मालासाठी चालणाऱ्या यंत्रावर पुढच्या काळाचे क्रेडिट धरून ठेवण्याचा आधार कमकुवत आहे, आणि या आकाराच्या रकमेसाठी वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. रक्कम मोठी असेल तर मात्र लेखी मत घेऊनच निर्णय करावा.

आता पाउचच्या यंत्राकडे. ते सामाईक ठरले तर मासिक वाटा १,४४,००० भागिले ६०, म्हणजे २,४००. त्याचे ६० टक्के, म्हणजे १,४४० रुपये दरमहा परत. पाच वर्षांत ८६,४०० परत जातील आणि ५७,६०० राहतील. या यंत्रावर ताकाचे काम वर्षाकाठी फार थोडे असेल, तरीही गुणोत्तर संपूर्ण धंद्याचेच लागते. नियम त्या यंत्रावर किती टक्के ताक भरले हे विचारत नाही. ते यंत्र दोन्हींसाठी वापरले जाते का, एवढेच विचारतो. इथे हे तुमच्या बाजूचे आहे. उलटही घडते: मुख्यतः दह्यासाठी चालणारे एखादे यंत्र अधूनमधून करमुक्त मालाला वापरले, तर त्यावरही सरसकट ६० टक्क्यांचा भार येतो. कोणते यंत्र कोणत्या मालासाठी राखून ठेवायचे, हा निर्णय म्हणूनच कारखान्याच्या मांडणीबरोबर घ्यावा. यंत्रे बसल्यावर हिशेबाच्या टेबलावर नव्हे.

मात्र वापर खरा असला पाहिजे. तपासणीत अधिकारी बॅच रजिस्टर, ताकाच्या पाउच फिल्मची खरेदी आणि त्या महिन्यांतील ताकाची विक्रीबिले मागतात, आणि या तिन्हींचा मेळ बसला तर प्रश्न उरत नाही. फिल्मची खरेदीच नाही आणि क्रेडिट मात्र सामाईक म्हणून घेतले, तर एका नजरेत पकडले जाते.

यंत्र आज केवळ दुधासाठी वापरत आहात आणि सात महिन्यांनी ताक सुरू केले, तरी वाट बंद होत नाही. तेव्हा पूर्ण १,४४,००० चे क्रेडिट घेता येते, पण करमुक्त वापरात गेलेल्या काळासाठी दर तिमाहीला, अपुऱ्या तिमाहीलाही, ५ टक्के या दराने रक्कम त्याच वेळी भरावी लागते. सात महिने म्हणजे दोन पूर्ण आणि एक अपुरी तिमाही, एकूण १५ टक्के, म्हणजे २१,६०० रुपये. त्यानंतर उरलेल्या महिन्यांची नेहमीची परतफेड सुरू. फक्त एक अडचण आहे. बिल ज्या आर्थिक वर्षातले, त्याच्या पुढील ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल झाल्याची तारीख, यांपैकी जे आधी येईल त्यानंतर क्रेडिट घेता येत नाही, आणि ही मुदत अशा उशिरा सामाईक झालेल्या यंत्रालाही लागते असा आक्षेप येऊ शकतो. ताकाचे काम त्या मुदतीच्या आत सुरू करता आले तर उत्तम.

इथवर वाचून तुम्ही साहजिकच विचाराल की सरकार एवढी गुंतागुंत का करते. याचे उत्तर दोन वेगळ्या कारणांत आहे, आणि ती एकत्र केली की सगळा विषय धूसर होतो.

पहिले कारण तिजोरीच्या रोख प्रवाहाचे. यंत्राची खरेदी एकदाच होते आणि मोठी असते; तिच्यावरचे क्रेडिट एका महिन्यात वळते केले की त्या महिन्याचा महसूल घसरतो. म्हणून अनेक करव्यवस्थांनी क्रेडिट देणेच लांबवले. आपल्याकडे केंद्रीय उत्पादन शुल्कात १९८६ मध्ये मॉडव्हॅट ही क्रेडिटची पद्धत आली, पण भांडवली वस्तूंवरचे क्रेडिट १९९४ मध्ये सुरू झाले. पुढे तिच्या जागी आलेल्या सेनव्हॅटमध्ये पहिल्या वर्षी जास्तीत जास्त निम्मे आणि उरलेले पुढच्या आर्थिक वर्षात, अशी अट होती. ही अट दिवसांवर नव्हे, आर्थिक वर्षावर बांधलेली होती, त्यामुळे मार्चच्या अखेरीस कारखान्यात आलेल्या यंत्राचे निम्मे क्रेडिट मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये घेता येई, तर एप्रिलमध्ये आलेल्या यंत्राला उरलेल्या निम्म्यासाठी जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. भोसरी-चाकणकडच्या खरेदी विभागांना हे चांगले ठाऊक होते. राज्यांच्या व्हॅटसाठी २००५ च्या जानेवारीत निघालेल्या श्वेतपत्रिकेत भांडवली वस्तूंचे क्रेडिट जास्तीत जास्त ३६ समान मासिक हप्त्यांत देण्याची मुभा होती. ब्राझीलमध्ये राज्यांच्या आयसीएमएस करात ते ४८ हप्त्यांत मिळण्याची पद्धत रूढ झाली. चीनने तर १९९४ च्या रचनेत यंत्रांवरचे क्रेडिट नाकारलेच होते. ईशान्येकडील प्रांतांत २००४ पासून प्रयोग करून ते देशभर १ जानेवारी २००९ पासून दिले.

हा उशीर फुकटचा नसतो. तुमचेच आकडे घेऊ. पाउचच्या यंत्राला क्रेडिट नाही असे धरले, तर उरलेले ५,७६,००० रुपये ३६ हप्त्यांत मिळाले असते, म्हणजे महिन्याला १६,०००. तीन वर्षांत सरासरी पावणेतीन-तीन लाख रुपये तुमचे असून सरकारकडे अडकले असते, आणि कर्जाचा व्याजदर १० टक्के धरला तर सुमारे ८५ हजार रुपयांचा भुर्दंड बसला असता. क्रेडिट नाकारलेच तर तो कर यंत्राच्या किमतीत मुरतो, तिथून दह्याच्या किमतीत येतो, आणि त्या किमतीवर पुन्हा कर लागतो. जीएसटीने हप्त्यांची ही पद्धत सोडून दिली हे माझ्या मते योग्यच झाले.

दुसरे कारण न्यायाचे आहे, आणि नियम ४३ त्यातून आलेला आहे. कच्चा माल एकाच बॅचमध्ये संपतो, म्हणून तो कशाला वापरला हे लगेच ठरते. यंत्र वर्षानुवर्षे वापरात राहते आणि त्याचा वापर बदलत जातो. पहिल्या महिन्याच्या वापरावरून सगळा निकाल लावला, तर पहिल्या महिन्यात फक्त दही काढून पूर्ण क्रेडिट घेणारा व नंतर पाच वर्षे दूधच भरणारा, आणि पाचही वर्षे दहीच काढणारा, यांत फरक उरणार नाही. युरोपीय संघातही हाच विचार आहे: तिथे सुरुवातीला त्या वर्षाच्या प्रमाणात वजावट मिळते आणि मग जंगम भांडवली वस्तूंसाठी साधारण पाच वर्षे, तर स्थावर मालमत्तेसाठी वीस वर्षांपर्यंत, दरवर्षी वापरातील फरकापुरती दुरुस्ती होते. तिथे बदल झाला तरच दुरुस्ती. आपल्याकडे आधी सगळे द्या आणि मग दरमहा मोजून काढून घ्या. तुमच्या बाजूने पाहिले तर आपली पद्धत सुरुवातीला अधिक पैसा हातात ठेवते, पण साठ महिने तक्ता सांभाळायला लावते.

तो तक्ता कसा ठेवायचा ते थोडक्यात. प्रत्येक सामाईक यंत्रासाठी एक ओळ: बिलाची तारीख, करनिहाय रक्कम, मासिक वाटा आणि साठावा महिना. केंद्रीय, राज्य आणि एकात्मिक कर वेगवेगळे मोजावे लागतात. पुरवठादार महाराष्ट्रातला असेल तर निम्मे-निम्मे, परराज्यातला असेल तर सगळे एकात्मिक करात. जीएसटीआर-३बी या विवरणपत्रामध्ये पूर्ण क्रेडिट ४(ए)(५) मध्ये दाखवायचे आणि परतफेड ४(बी)(१) मध्ये. केवळ दुधाच्या यंत्राचे न मिळणारे क्रेडिटही याच पद्धतीने आधी दाखवून मग वजा करायचे. नियमात परतफेडीबरोबर लागू असलेले व्याज असे शब्द आहेत आणि त्यावर वाद आहे. माझ्या मते क्रेडिट लेजरमध्ये तेवढी शिल्लक कायम पडून असेल, तर व्याजाविरुद्धची बाजू मजबूत होते, कारण कलम ५० चुकीने घेतलेल्या आणि वापरलेल्या क्रेडिटवर व्याज आकारते. पण तुमची शिल्लक लवकर संपणार आहे, तेव्हा या मुद्द्यावर सीएंची भूमिका आधीच लिहून घ्या.

परताव्याचे उत्तर नाही असेच आहे, पण तुमच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी कर असल्यास साचलेल्या क्रेडिटचा परतावा मिळतो, मात्र नियम ८९(५) मधील सूत्रात फक्त 'इनपुट्स' धरले जातात, आणि कायद्यातील त्यांच्या व्याख्येतून भांडवली वस्तू वगळल्या आहेत. सेवांवरच्या क्रेडिटचा असाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि २०२१ मध्ये न्यायालयाने हे सूत्र कायम ठेवले. म्हणजे यंत्रावरचे क्रेडिट विक्रीवरच्या करातूनच वळते करून घ्यावे लागते. तुमची करपात्र विक्री महिन्याला २० लाख धरली तर कर १ लाख. शेतकऱ्यांकडून घेतलेल्या कच्च्या दुधावर कर नाही, म्हणून फिल्म, कप, खोकी वगैरेंवरचे तुमच्या वाट्याचे क्रेडिट समजा ३५,००० रुपये. उरलेला ६५,००० कर आणि पाश्चरायझरचे परत करायचे ३,६०० मिळून यंत्रांच्या क्रेडिटमधून दरमहा ६८,६०० कमी होतील, आणि ५,७६,००० नवव्या महिन्यात संपतील. ज्यांचा कच्चा मालच १८ टक्क्यांचा आणि तयार माल ५ टक्क्यांचा आहे, त्यांचे यंत्रावरचे क्रेडिट मात्र वर्षानुवर्षे पडून राहते, आणि तिथे हे बंधन खरोखर जाचक आहे.

खरेदीच्या कागदांत दोन-तीन गोष्टी पाहून घ्या. यंत्र सुट्या भागांत, अनेक खेपांत आले असेल तर शेवटची खेप आल्यावरच क्रेडिट घेता येते. चाचणी यशस्वी होईपर्यंत पुरवठादाराचे १० टक्के राखून ठेवण्याची रीत आहे; पण बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत ती रक्कम दिली नाही, तर तेवढ्या भागाचे क्रेडिट व्याजासह परत करावे लागते आणि पैसे दिल्यावरच पुन्हा घेता येते. चाचणी लांबणार असेल तर करारातील ही तारीख तपासा. यंत्राच्या पायाचे काम यंत्राबरोबर क्रेडिटला पात्र आहे, त्यावरच्या शेडचे नाही.

न मिळणारे क्रेडिट आयकरात वाया जात नाही. पाउचचे यंत्र केवळ दुधाचे ठरले, तर १,४४,००० यंत्राच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा घेता येतो. पण ज्या करावर क्रेडिट घेतले त्याच करावर घसाराही घेतला, तर जीएसटी कायद्याच्या कलम १६(३) नुसार ते क्रेडिट जाते. म्हणून पाउचच्या यंत्राची वर्गवारी ताळेबंद बंद होण्याआधी ठरली पाहिजे, आणि ती ठरवण्यासाठी सीएंना पहिली गोष्ट द्या ती गेल्या उन्हाळ्याचे ताकाचे बॅच रजिस्टर.